वखार पावती आता ‘ब्लॉकचेन’वर आहे म्हणे – म्हणजे नोंद नेमकी कुठं होते अन् कशी? कॉम्प्युटर न शिकलेल्याला समजेल असं सांगा

मांजराकाठ · शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या एका बँक शाखेत लोन डेस्कवर आहे मी, २२ वर्षं झाली नोकरीला, लागले तेव्हा लेजर हातानं लिहायचो आम्ही. शिक्षण बी.कॉम., कॉम्प्युटर म्हणाल तर फिनॅकलसारखी स्क्रीन उघडून एंट्री मारणं एवढंच.

परवा सर्क्युलर आलं की सोयाबीन-तुरीच्या वखार पावतीवर तारण कर्ज देताना पावतीची नोंद ब्लॉकचेनवर होणार, त्यामुळं एकाच पावतीवर दोन ठिकाणी कर्ज उचलता येणार नाही. दोन तासाचं ट्रेनिंग पण झालं. सरांनी स्लाइडवर साखळीनं बांधलेले ठोकळे दाखवले, “विकेंद्रित, वितरित, अपरिवर्तनीय खातेवही” असं तीनदा म्हणाले अन् जेवायची सुट्टी झाली. आमचे मॅनेजर म्हणायलेत मॅडम तुम्हाला काय करायचंय, हिरवं टिक आलं की सही करा. पण फाइलवर सही माझी असते ना.

अन् मला विचारायचं कारण वेगळं आहे. आधीच्या शाखेत असताना एका व्यापाऱ्यानं मूळ पावती आमच्याकडं तारण ठेवली, मग पावती हरवली म्हणून वखारीत अर्ज देऊन डुप्लिकेट काढली अन् ती दुसऱ्या बँकेत ठेवून तिकडूनही पैसे उचलले. माल उचलायला तिसराच माणूस ट्रक घेऊन आला तेव्हा कळलं. तीन महिने चौकशीत बसले होते मी. म्हणून हिरवं टिक कशावरून येतंय ते समजल्याशिवाय मला झोप यायची नाही. कुणीतरी साध्या बोलीत सांगा.

बिनधास्त_बीडकर · शनिवार, रात्री १०:०५

ताई एकदम सोप्पंय. ब्लॉकचेनमधला डेटा कुणालाच बदलता येत नाही अन् हॅक पण होत नाही, कारण सगळं लॉक असतं, एन्क्रिप्टेड, कुणाला दिसतच नाही आत काय आहे ते. एकदा नोंद झाली की ब्रह्मदेव आला तरी खोडू शकत नाही. तुम्ही बिनधास्त सही मारा. मी यूट्यूबवर पूर्ण सिरीज बघितलीय.

कॅश_काउंटर · शनिवार, रात्री १०:२०

आमच्याकडं पण एक जण आला होता ब्लॉकचेनवाला, खात्यात बाहेरून पैसे यायलेत अन् म्हणतो बिटकॉइन विकले. त्यावर १ टक्का टीडीएस अन् ३० टक्के कर लागतो ना? मग तुमच्या सोयाबीनच्या पावतीवर पण लागेल का ते? आधी ते क्लिअर करून घ्या मॅडम.

गोदातीर · शनिवार, रात्री ११:१५

कॅश_काउंटर भाऊ, नाही. ते ३० टक्के अन् टीडीएस २०२२ पासून आहे अन् ते क्रिप्टो विकणाऱ्याला. इथं कुणी नाणं विकत नाही, फक्त नोंदवही ठेवायची एक पद्धत वापरायलेत. बिटकॉइनसाठी तीच पद्धत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात चालवली गेली म्हणून लोकांच्या डोक्यात दोन्ही एकच झालंय.

मी मूळचा गंगाखेडचा, पुण्यात बँकांच्या सॉफ्टवेअरचंच काम करतो. बीडकर भाऊ राग मानू नका पण तुमची दोन्ही वाक्यं अर्धी बरोबर आहेत. “लॉक असतं, दिसत नाही” हे तर उलटंच आहे, बिटकॉइनची वही जगात कुणीही उघडून वाचू शकतो, २००९ च्या पहिल्या पानापासून. अन् “बदलता येत नाही” ह्याच्यापेक्षा “बदललं तर उघडं पडतं” असं म्हणा, फरक फार मोठा आहे. तो ताईंना गणित करूनच दाखवतो, कॅल्क्युलेटर काढा, काउंटरवरचा साधा चालेल.

समजा वखारीत एक रजिस्टर आहे, एका पानावर तीनच नोंदी, प्रत्येक नोंद म्हणजे एका पावतीवरचे क्विंटल. पान १ वर ४०, २५, ६२. पान भरलं की खाली त्या पानाची एक खूण लिहायची. खूण काढायचा नियम असा: पहिला आकडा गुणिले १, दुसरा गुणिले २, तिसरा गुणिले ३, सगळ्याची बेरीज, त्यात मागच्या पानाची खूण मिळवायची, अन् आलेल्याला ९७ नं भागून जी बाकी राहील ती ह्या पानाची खूण.

पान १: ४० + ५० + १८६ = २७६. मागं पानच नाही म्हणून शून्य मिळवा. ९७ नं भागलं तर बाकी ८२.

पान २ वर ३५, ५५, १८. होतात ३५ + ११० + ५४ = १९९. त्यात मागची खूण ८२ मिळवली की २८१, बाकी ८७.

पान ३ वर ५०, १२, ४४. होतात ५० + २४ + १३२ = २०६, त्यात ८७, झाले २९३, बाकी २.

म्हणजे तिन्ही पानांचा मिळून सार काय तर शेवटचा एक आकडा, ०२. आता समजा वखारीतल्या कुणीतरी रात्री बसून पान १ वरच्या ४० चे ९० केले. तर पान १ ची खूण ८२ ची ३५ होते. ३५ पुढं गेल्यामुळं पान २ ची ८७ ची ४० होते, अन् पान ३ ची ०२ ची ५२. पान २ अन् ३ ला हात सुद्धा लावला नाही तरी त्यांच्या खुणा फिरल्या. ट्रेनिंगमधली “चेन” ती हीच, प्रत्येक पानात मागच्या पानाची खूण शिवलेली असते. ठोकळा म्हणजे पान. बास.

रोजकीर्द · रविवार, सकाळी ६:५०

मी सहकार खात्यात लेखापरीक्षक होतो, निवृत्त होऊन ९ वर्षं झाली, नांदेडला असतो. गोदातीर, तुम्ही सांगितलं ते वाचून मला “मागील पानावरून पुढे आणले” आठवलं. आम्ही रोजकिर्दीत तेच करत होतो, पानाखाली बेरीज अन् पुढच्या पानाच्या डोक्यावर तीच बेरीज. त्यात नवीन काय? अन् सुरुवातीला बँकांत कॉम्प्युटर आले तेव्हा व्हाउचरच्या गठ्ठ्याची खाते नंबरांची बेरीज करून टाकायचे, तिला हॅश टोटलच म्हणायचे. खाते नंबरांची बेरीज करून काय मिळतं असं तेव्हा मी विचारलं होतं, साहेब हसले होते.

दुसरं. तुमची खूण मी पाच मिनिटात फोडली, चहा पण संपला नव्हता. ४० चे ९० करायचे अन् खालच्या २५ चे शून्य करायचे. पहिल्या ओळीत ५० वाढले, दुसऱ्या ओळीत २५ दुणे ५० कमी झाले. बेरीज २७६ च. खूण ८२ च. पुढचं एकही पान हललं नाही. अपहार करणारा कारकून तुमच्यापेक्षा हुशार असतो हे लक्षात ठेवा, ३१ वर्षं मी त्यांच्याच वह्या तपासल्यात.

मांजराकाठ · रविवार, सकाळी ८:३०

अय्यो काका! मी रात्री सगळं गणित कागदावर करून खूश होऊन झोपले होते. खरंच ८२ येतंय.

गोदातीर · रविवार, सकाळी ९:४५

काका मानलं तुम्हाला. मी मुद्दाम फुटणारी खूण दिली होती असं म्हणणार होतो पण खरं सांगतो, दुसऱ्या ओळीवरून फुटेल हे माझ्या डोक्यात नव्हतं, मी फक्त ४० त ९७ मिळवून १३७ केले तर फुटते एवढंच धरलं होतं.

हाच तर मुद्दा आहे. बेरीज पुढं नेणं अन् हॅश पुढं नेणं ह्यात फरक हा की बेरजेला उलटं जाता येतं. कुठला आकडा किती वाढवला की दुसरा किती कमी करायचा ते कागदावर काढता येतं. खऱ्या ब्लॉकचेनमध्ये जी खूण वापरतात ती असं करू देत नाही. बिटकॉइनमध्ये वापरतात तिचं नाव एसएचए-२५६. तिला तुम्ही एक शब्द द्या नाहीतर पूर्ण वर्षाची रोजकीर्द द्या, बाहेर कायम ६४ अक्षरांचीच खूण येते. आता हे बघा, एकाच शब्दाचं फक्त पहिलं अक्षर छोट्याचं मोठं केलंय:

```
hello
2cf24dba5fb0a30e26e83b2ac5b9e29e1b161e5c1fa7425e73043362938b9824

Hello
185f8db32271fe25f561a6fc938b2e264306ec304eda518007d1764826381969
```

दोन्ही खुणांत काही नातं दिसतं का? नाही. थोडा बदल केला की थोडी खूण बदलते असं नाही, सगळीच्या सगळी उधळते. त्यामुळं “मला खूण हीच ठेवायची आहे, आकडे कसे जुळवू” ह्याला हिशोब नाही, नुसतं एकेक करून बघत बसायचं, अन् शक्यता इतक्या आहेत की जगातली सगळी मशीनं लावली तरी बघून होत नाहीत. अजून तरी एसएचए-२५६ ला काकांसारखी पळवाट कुणी दाखवलेली नाही. जुन्या काही खुणा मात्र फुटल्यात, एमडी५ नावाची फुटली, तिच्यात दोन वेगळ्या मजकुरांची एकच खूण करून दाखवली लोकांनी, म्हणून ती आता अशा कामाला घेत नाहीत.

बिनधास्त_बीडकर · रविवार, सकाळी १०:१०

मग मी तेच तर म्हणलो की. खूण फुटत नाही म्हणजे बदलता येत नाही. विषय संपला.

रोजकीर्द · रविवार, सकाळी १०:४०

कुठं संपला. अहो बीडकर, खूण फुटत नाही ठीक आहे, पण ज्याच्या ताब्यात रजिस्टर आहे त्यानं ४० चे ९० करून पुढच्या सगळ्या पानांच्या खुणा नव्यानं काढून लिहिल्या तर? ८२-८७-०२ च्या जागी ३५-४०-५२. आतून सगळं जुळतंय. तपासणीला मी गेलो तर मला ते रजिस्टर एकदम शुद्ध दिसेल. मी एका पतसंस्थेत बघितलंय, नाव घेत नाही, वर्षाची पूर्ण रोजकीर्द नवीन वहीत लिहून काढली होती अन् वहीला चहाचे डाग पाडून जुनी केली होती. कशावरून पकडलं सांगू? शाईवरून. पूर्ण वर्ष एकाच पेनानं.

गोदातीर · रविवार, दुपारी १२:३०

काका ह्या प्रश्नासाठी मी रात्रीपासून थांबलो होतो, कारण ट्रेनिंगमध्ये हाच भाग गाळतात.

एकाच्या हातात असलेली ब्लॉकचेन म्हणजे काही नाही. नुसती साखळी संरक्षण देत नाही, मशीनला सगळ्या खुणा परत काढायला क्षणभर लागतो. संरक्षण येतं ते ह्यातून की शेवटची खूण ०२ आहे हे दुसऱ्यांच्या वहीत पण लिहिलेलं असतं. वखार, बँक क, बँक ख, अन् एखादी देखरेख करणारी संस्था, चौघांकडं तीच वही पूर्ण. वखारवाल्यानं स्वतःची वही ५२ केली तर बाकी तिघांकडं ०२ आहे. चौघांनी लाखो नोंदी एकमेकांशी ताडायची गरज नाही, फक्त शेवटचा आकडा विचारायचा, तुझा किती, माझा किती. तो जुळला की मागचं सगळं जुळलं. ताई, तुमच्या सर्क्युलरमधल्या “वितरित”चा अर्थ एवढाच.

आता एक नोंद होते कशी ते पावतीवरच बघू. शेतकऱ्यानं माल ठेवला, वखारीनं पावती ११८ काढली, ४० क्विंटल. ही नोंद वखार आपल्या डिजिटल सहीनं पाठवते. ही सही म्हणजे स्कॅन केलेली सही नाही, तुमच्या साहेबांकडं डीएससीचा टोकन असतो ना तसली, त्यातली गुप्त किल्ली अन् त्या नोंदीचा मजकूर दोन्ही मिळून सही बनते, म्हणून दर नोंदीची सही वेगळी. ४० च्या सहीवर ९० चिकटवता येत नाही. मग तुम्ही कर्ज देताना “पावती ११८ वर आमचा बोजा” अशी नोंद तुमच्या बँकेच्या सहीनं जाते. ती लगेच वहीत चढत नाही, आधी इतरांची मशीनं तपासतात की सही खरी आहे का, ११८ नावाची पावती आहे का, अन् तिच्यावर आधीच कुणाचा बोजा आहे का. पास झालेल्या नोंदी क्रमानं लावून त्यांचं एक पान होतं, पानावर मागच्या पानाची खूण येते, अन् ते पान सगळ्यांच्या वहीत डकवलं जातं. तुमचं हिरवं टिक इथं येतं, म्हणजे यायला पाहिजे.

आता तुमचा व्यापारी. समजा ११ वाजून २ मिनिटांनी तुमच्याकडं अन् ११ वाजून ३ मिनिटांनी दुसऱ्या बँकेत तीच ११८. दोन्ही नोंदी निघाल्या, तपासताना दोन्ही वेळी पावती मोकळीच दिसली कारण पान अजून लागलं नव्हतं. मग ठरतं ते पानावरच्या क्रमावर. पहिली जी आली ती खरी, दुसरी नापास. हायपरलेजर फॅब्रिक नावाचं सॉफ्टवेअर अशा बंद गटात बरंच चालतं, त्यात तर दुसरी नोंद पण पानावर राहते, पण तिच्यावर “अवैध” असा शेरा बसतो. म्हणजे प्रयत्न झाला होता हे पण दिसतं. म्हणून ताई एक सवय लावून घ्या, नोंद पाठवली म्हणून आलेला मेसेज अन् नोंद पानावर चढली म्हणून आलेला मेसेज हे दोन वेगळे आहेत. पैसे दुसऱ्यानंतर सोडायचे.

मांजराकाठ · रविवार, दुपारी १:१५

हे समजलं! क्लिअरिंगला चेक पाठवणं अन् चेक पास होणं. आम्ही पाठवल्या पाठवल्या पैसे सोडत नाही ना.

मग चूक झाली तर? माझ्या हातून ४० ऐवजी ४०० पडलं तर खोडता येणार नाही का? अन् शेतकऱ्यानं कर्ज फेडल्यावर बोजा कसा जातो?

रोजकीर्द · रविवार, दुपारी १:४०

उलट व्हाउचर. बरोबर ना हो गोदातीर? आम्ही तरी रोजकिर्दीत खाडाखोड कधी चालू दिली नाही, चुकीची नोंद तशीच ठेवायची अन् तिची उलटी नोंद आजच्या तारखेला टाकायची. फेड झाली की बोजा उतरवल्याची नवी नोंद.

अन् मला वाटतं ब्लॉकचेन म्हणजे फक्त रोजकीर्द, खतावणी नाहीच. खात्यात शिल्लक किती हे कुठं लिहिलेलंच नसतं.

गोदातीर · रविवार, दुपारी २:२०

उलट व्हाउचर शंभर टक्के. खतावणीचं असं आहे की साखळीत शिवलेली असते ती रोजकीर्दच, पण ती वाचून प्रत्येक मशीन आपापली खतावणी बाजूला तयार ठेवतं, नाहीतर दर वेळी पहिल्या पानापासून वाचावं लागेल. खतावणी बिघडली तर फेकून द्यायची अन् रोजकिर्दीवरून परत मांडायची. भांडण झालं तर प्रमाण रोजकीर्द.

आडत_दुकान · रविवार, दुपारी ३:००

सगळे बँकवालेच बोलायलेत म्हणून व्यापाऱ्याची बाजू मांडतो. उदगीर भागात आडत आहे माझी. मागच्या सीझनला माझी १५० क्विंटल सोयाबीन तारण होती, भाव आला म्हणून कर्ज फेडून मोकळी करायची होती. पैसे भरले सकाळी, बँकेनं बोजा उतरवला म्हणे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कारण उतरवायची सही ज्यांच्याकडं ते साहेब लग्नाला गेले होते. तोवर भाव पडला. तुमच्या चेननं काय फायदा झाला मला? सेकंदात नोंद होते म्हणता अन् माणूस लग्नाला.

अजून एक. पावतीवर लिहिलेलं असतं एवढे क्विंटल, अमुक ओलावा. माल चांगला वाळलेला आहे म्हणून लिहिला अन् आत ओला भरला तर दोन महिन्यात बुरशी. वहीत ४० अन् थप्पीत ३२. तेव्हा खुणा जुळवत बसा.

गोदातीर · रविवार, संध्याकाळी ५:१०

आडत दादा, दोन्ही गोष्टी मान्य. दुसरी तर फार मोठी आहे. साखळी एवढंच सांगते की वखारीनं अमुक दिवशी ४० लिहिले अन् त्यानंतर ते कुणी फिरवलं नाही. ४० होते का हे ती सांगत नाही. गोडाऊनमध्ये जाऊन थप्प्या मोजणं, नमुना काढणं, विमा बघणं ह्यातलं काही सुटत नाही. ताई तुमच्या जुन्या केसमध्ये दुबार तारण होतं म्हणून ही पद्धत तिथं कामाची. माल नसताना पावती निघाली असती तर हिनं काहीही केलं नसतं, उलट खोटी पावती पक्क्या वहीत बसली असती.

बिनधास्त_बीडकर · रविवार, संध्याकाळी ५:५०

बरं पण बिटकॉइनमध्ये तर कुणी बँक नाही वखार नाही, कोण कुणाला ओळखत नाही, मग तिथं चार वह्या कुणाच्या? अन् तिथं तर आजपर्यंत कुणी काही बदललं नाही, ते तरी मान्य करा.

गोदातीर · रविवार, रात्री ८:३०

चांगला प्रश्न आहे. तुमच्या चौघांच्या गटात कोण कोण आहे ते माहीत असतं, म्हणून कुणी वेडंवाकडं केलं तर पकडता येतं. बिटकॉइनमध्ये कुणीही वही ठेवू शकतो, मग एकच माणूस हजार वह्या उघडून “बहुमत माझं” म्हणू शकतो. त्यावर त्यांनी असं केलं की पान लावायचा हक्क मेहनतीनं मिळवायचा. पानावर एक मोकळा आकडा असतो, तो बदलत बदलत खूण काढत राहायची, जोपर्यंत खुणेच्या सुरुवातीला पुरेशी शून्यं येत नाहीत तोपर्यंत. हिशोब करून काढता येत नाही हे वर बघितलंच, नुसतं नशीब अन् वीज. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या पानाची खूण बघा:

```
000000000019d6689c085ae165831e934ff763ae46a2a6c172b3f1b60a8ce26f
```

पुढची शून्यं मोजा, दहा आहेत. आता तर त्याहून कितीतरी जास्त लागतात, कारण मशीनं वाढली की अट आपोआप कडक होते, साधारण दर १० मिनिटाला एकच पान लागावं म्हणून. जुनं पान फिरवायचं तर त्या पानाची अन् पुढच्या सगळ्या पानांची ही मेहनत परत करायची, अन् तेवढ्यात बाकीचं जग पुढची पानं लावत असतं, त्यांना गाठायचं. म्हणून तिथं मोठी रक्कम असली की वर सहा पानं चढेपर्यंत, म्हणजे तासभर, थांबायची पद्धत आहे.

कधी बदललं नाही म्हणता, तर १५ ऑगस्ट २०१० चं ऐका. सॉफ्टवेअरमध्ये चूक होती, बेरीज इतकी मोठी झाली की तपासणीतून निसटली अन् ७४६३८ व्या पानावर कुणीतरी १८४ अब्ज बिटकॉइन पाडून घेतले. एकूण कधीच २ कोटी १० लाखांच्या वर जायचे नाहीत असा नियम असताना! काही तासात दुरुस्त सॉफ्टवेअर आलं, लोकांनी ते पान सोडून त्याच्या मागच्या पानापासून नवी साखळी वाढवली, अन् ती लांब झाल्यावर जुनी शाखा वाळून गेली. खूण कुणी फोडली नाही. वही ठेवणाऱ्यांनी मिळून ठरवलं की हे पान आम्ही मानत नाही.

अन् छोट्या साखळ्यांत तर जबरदस्तीनं पण झालंय. इथेरियम क्लासिक म्हणून आहे, तिथं २०१९ अन् २०२० मध्ये निम्म्याहून जास्त ताकद जमवून झालेली पानं मागं फिरवली अन् तेच पैसे दोनदा खर्चले. म्हणजे ताईंचा व्यापारीच म्हणा, फक्त मशीनवाला.

बिनधास्त_बीडकर · रविवार, रात्री ९:००

हे त्या सिरीजमध्ये नव्हतं 😐

रोजकीर्द · रविवार, रात्री ९:२५

मग मला सांगा, चार ओळखीच्या संस्था आहेत, मेहनत-बिहनत काही नाही, तर सगळ्यांनी एका ठिकाणी एकच रजिस्टर का ठेवू नये? शेअरचं डिमॅट तसंच चालतं की. वखार पावतीचं पण इलेक्ट्रॉनिक रूप आहे, नियामक प्राधिकरणानं मान्यता दिलेल्या रिपॉझिटरीत नोंद असते, तिथं बोजा एकदाच बसतो. ब्लॉकचेन नसताना पण दुबार तारण थांबतंच.

गोदातीर · रविवार, रात्री १०:१०

काका, थांबतं. मधल्या एकावर सगळ्यांचा भरवसा असेल अन् त्याची तपासणी नीट होत असेल तर एकच रजिस्टर स्वस्त पडतं, जलद पण. ब्लॉकचेनचा अर्थ तिथं येतो जिथं “रजिस्टर तुझ्याकडं का, माझ्याकडं का नाही” असं भांडण असतं. २०२१ मध्ये १५ बँकांनी मिळून आयबीबीआयसी नावाची कंपनी काढली ती लेटर ऑफ क्रेडिटसाठी, तिथं प्रत्येक बँक बरोबरीची, कुणी कुणाच्या वहीवर विसंबायला तयार नाही. पावत्यांसाठी दोन्ही रस्ते चालू आहेत, आपलं राज्य वखार महामंडळ ब्लॉकचेनकडं गेलंय. कोणतं बरं ह्यावर माझंच मत अजून पक्कं नाही.

रोजकीर्द · रविवार, रात्री १०:२०

माझं आहे. एक रजिस्टर अन् एक कडक ऑडिटर.

मांजराकाठ · मंगळवार, रात्री ८:५०

उशीर झाला, काल पीकविम्याच्या गर्दीत जीव गेला. आज शाखेत प्रयोग केला. जेवणाच्या सुट्टीत तीन वह्या केल्या, एक माझी, एक आमच्या कॅशियर दादांची, एक शिपाई मामांची. गोदातीर दादांचेच आकडे मोठ्यानं वाचले, तिघांनी आपापलं लिहून खुणा काढल्या. शेवटी विचारलं तुमचा किती. माझा ०२, कॅशियरचा ०२, मामांचा ८९!

मग मागं मागं गेलो. पान २ ची खूण आमची ८७, मामांची ७७. पान १ ची तिघांची ८२. म्हणजे पान १ पर्यंत सगळं ठीक, चूक पान २ वरच, बाकी कुठं बघायचीच गरज नाही. पान २ उघडलं तर मामांनी १८ त्रिक ५४ च्या जागी ४४ धरले होते. तीन मिनिटात सापडलं. डे-एंडला दहा रुपयाचा फरक शोधायला आम्ही रात्री नऊ वाजवलेत कधी कधी.

पण मामांनी एक विचारलं अन् मी गप्प झाले. म्हणाले मॅडम, तुम्ही अन् कॅशियर साहेब दोघं मिळून चुकीचं लिहिलं असतं तर मग मी एकटा बरोबर असून खोटा ठरलो असतो का?

गोदातीर · मंगळवार, रात्री १०:००

मामांना माझा नमस्कार सांगा. बंद गटात ते नियमावर असतं. कोणत्या नोंदीला कुणाकुणाची सही लागते ते सुरुवातीलाच ठरवून सॉफ्टवेअरमध्ये घातलेलं असतं, उदाहरणार्थ बोजा बसवायला वखार अन् बँक दोघांची पाहिजेच, बाकी दहा जण हो म्हणाले तरी चालत नाही. पण ज्यांच्या सह्या लागतात तेच सगळे मिळाले असतील तर हो, मामा एकटे पडतात. फक्त मामांची वही मामांकडंच राहते, ती कुणी फिरवू शकत नाही, अन् आधी सगळ्यांनी ८२ वर सही केली होती हे ते दाखवू शकतात.

आता तुम्हाला एक काम. तुमच्या शाखेत वही नाहीये, तुमच्याकडं फक्त स्क्रीन आहे. हेड ऑफिसला लेखी विचारा की आपल्या बँकेची स्वतःची प्रत आहे का, की वेंडरच्याच सर्व्हरवर सगळ्यांच्या प्रती आहेत. अन् दुसरं, बोजा बसवायची आपल्या बँकेची किल्ली कुणाच्या ताब्यात आहे.

रोजकीर्द · मंगळवार, रात्री १०:१५

चारही वह्या वेंडरच्याच कपाटात असतील तर ती माझी चहाच्या डागाची वही झाली.

मांजराकाठ · गुरुवार, संध्याकाळी ७:३०

मेल टाकला होता, उत्तर आलं. “सदर प्रणाली पूर्णतः सुरक्षित असून शाखांनी निश्चिंत राहावे.” दोन्ही प्रश्नांचं उत्तर नाही. मॅनेजर साहेब आता माझ्यावर तणतणायलेत. परत टाकलाय, ह्या वेळी इन्स्पेक्शन विभागाला कॉपीत ठेवून.

आडत_दुकान · गुरुवार, रात्री ८:०५

मॅडम तिसरा प्रश्न पण घाला, बोजा उतरवायची सही असलेले साहेब सुट्टीवर गेले तर दुसरा कोण.